दूरचा +०.७५, जवळचा +२.७५: मग ॲडच्या रकान्यात काय भरायचं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. वय ५३. चाळिशी लागल्यापासून दोन चष्मे वापरतोय, एक वाचायचा आणि एक बाहेर जाताना. दिवसभर काढा-घाला करून कंटाळलो आणि शेवटी एकाच काचेत दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसेल असं प्रोग्रेसिव्ह घ्यायचं ठरवलं. डोळे तपासून आलो. फ्रेम ऑनलाइन पसंत केली, आणि नंबर भरायला बसलो तिथे अडकलो.

नवा कागद असा आहे:

```
            स्फेरिकल   सिलिंडर   ॲक्सिस
दूर   उजवा   +०.७५    −१.००     ९०
      डावा   +१.२५    −०.७५     ८५
जवळ  उजवा   +२.७५     "         "
      डावा   +३.२५     "         "
```

तीन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या डॉक्टरांचा कागद:

```
            स्फेरिकल   सिलिंडर   ॲक्सिस
दूर   उजवा   −०.२५    +१.००     १८०
      डावा   +०.२५    +०.७५     १७५
जवळ  उजवा   +१.२५     "         "
      डावा   +१.७५     "         "
```

प्रश्न दोन. पहिला, फॉर्मवर ADD असा रकाना आहे, माझ्या कागदावर ॲड हा शब्द कुठेच नाही. जवळचा नंबर म्हणजेच ॲड असं धरून मी उजव्याला २.७५ आणि डाव्याला ३.२५ भरलं आहे. ऑर्डर अजून पाठवलेली नाही. दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. तीन वर्षांत उजव्या डोळ्याचा नंबर मायनसचा प्लस झाला, सिलिंडर प्लसचा मायनस झाला, आणि ॲक्सिस १८० वरून थेट ९० वर आला. दोघांपैकी कोणीतरी चुकलंय, की माझ्या डोळ्यांत काही बिघडलंय?

जुनं_खोड

जवळचा नंबर तोच ॲड, बरोबर भरलंय तुम्ही. मी गेली बारा वर्षं प्रोग्रेसिव्ह वापरतो. माझा दूरचा नंबर शून्य आणि ॲड अडीच. माझ्या कागदावरही जवळच्या ओळीत अडीचच लिहिलेलं असतं.

ॲक्सिसचं फार मनावर घेऊ नका. दहा-वीस अंश इकडेतिकडे होतंच, डोळ्याला कळत नाही.

केवडा

मायनसचा प्लस होणं साधं नाही. माझ्या सासऱ्यांचा नंबर असाच तीन महिन्यांत फिरला होता आणि तपासल्यावर साखर वाढलेली निघाली. चष्मा राहू द्या, आधी रक्त तपासून घ्या. नंबर कमी करायचे डोळ्यांचे व्यायामही असतात, हवे असतील तर सांगते.

रेवा

पाऊलवाट, ऑर्डर पाठवू नका. एवढं वाचा आणि मग ठरवा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं आणि चष्मा बसवून देणं हेच माझं रोजचं काम, आणि तुम्ही केलेली चूक आठवड्यातून एकदा तरी समोर येते. चूक तुमची एकट्याची नाही. कागदाचा छापील नमुना एका पद्धतीचा आणि फॉर्म दुसऱ्या पद्धतीचा, त्यातून ती होते.

कागदावरची जवळची ओळ म्हणजे वाचताना काचेत एकूण किती ताकद हवी त्याचा आकडा. ॲड म्हणजे दूरच्या नंबरावर वर किती घालायची तो आकडा. त्यामुळे जवळच्यातून दूरचा वजा करायचा. उजवा: पावणेतीनातून पाऊण गेले, राहिले दोन. डावा: सव्वातीनातून सव्वा गेले, राहिले दोन. तुमची ॲड दोन्ही डोळ्यांना +२.०० आहे. जवळच्या ओळीत सिलिंडर आणि ॲक्सिसखाली ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा आहेत त्याही बरोबर, कारण वाचताना फक्त पहिला आकडा बदलतो.

आता तुम्ही भरलंत तसं गेलं असतं तर काय झालं असतं ते बघा. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलं तर डोळ्याला अडीच नंबरांची मदत लागते. तुमच्या वयाला त्यातला अर्धा नंबर डोळा स्वतः आरामात देतो, उरलेले दोन काचेने द्यायचे, म्हणून ॲड दोन. उजव्यात पावणेतीन ॲड बसली असती, तर अर्धा धरून सव्वातीन झाले असते आणि पुस्तक ३१ सेंटिमीटरवर आणावं लागलं असतं. डाव्यात सव्वातीन बसली असती तर २७ सेंटिमीटरवर. म्हणजे पुस्तक नाकाजवळ, आणि दोन डोळ्यांची स्पष्ट दिसायची जागाही वेगवेगळी. चार ओळी वाचून कपाळ धरलं असतं.

एक खूण लक्षात ठेवा. दोन्ही डोळ्यांची ॲड जवळजवळ नेहमी सारखीच असते, कारण वयाने जवळचं दिसण्याची ताकद दोन्ही डोळ्यांत बरोबरीने उतरते. तुमच्या फॉर्मवर २.७५ आणि ३.२५ असे दोन वेगळे आकडे आले, तिथेच शंका यायला हवी. ॲड वेगळी असूही शकते, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर मी स्वतः वेगळी लिहिलेली आहे. पण तशी असेल तर लिहिणाऱ्याला विचारून खात्री करावी.

काका, तुमच्या बाबतीत जवळचा आकडा आणि ॲड एकच येतात, कारण तुमचा दूरचा नंबर शून्य आहे. अडीचातून शून्य वजा केलं तरी अडीचच. ज्याचा दूरचा नंबर शून्य नाही, त्याला हे लागू होत नाही.

जुनं_खोड

हे बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पाऊलवाट, माझं उत्तर मागे घेतो.

पाऊलवाट

रेवाताई, शतशः आभार. फॉर्म बंद करून ठेवला. माझी मिसेस म्हणतेय की तिच्या कागदावर दूरचा −२.०० आणि जवळचा शून्य लिहिलाय. तिला जवळचा नंबरच नाही असं ती इतके दिवस समजत होती. मग तिची ॲड किती?

रेवा

शून्यातून उणे दोन वजा केले की अधिक दोन. त्यांचीही ॲड +२.०० च आहे. त्या चष्मा काढून वाचत असणार, आणि नीट वाचता येत असणार. म्हणूनच त्यांना वाटतं की जवळचा नंबर नाही. प्रोग्रेसिव्ह घेताना मात्र त्यांनाही हे दोन सांगावे लागतील. ॲड नेहमी प्लसच असते, दूरचा नंबर मायनस असला तरीही.

पाऊलवाट

बरोबर, चष्मा कपाळावर ढकलून वाचते! पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे.

त्रिज्या

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ का? मी डोळ्यांची डॉक्टर नाही, गणित शिकवते. मला स्वतःला सिलिंडर आहे म्हणून हे एकदा मुळापासून समजून घेतलं होतं. रेवाताई, चुकलं तर सांगा.

सिलिंडर असलेल्या काचेला एकाऐवजी दोन ताकदी असतात, एक आडव्या दिशेने आणि एक उभ्या दिशेने, किंवा तिरक्या असल्या तरी एकमेकींशी काटकोनात. पाऊलवाट, तुमच्या उजव्या काचेत आडव्या दिशेने −०.२५ लागते आणि उभ्या दिशेने +०.७५. खरी गोष्ट एवढीच. ती कागदावर लिहायच्या पद्धती दोन.

जुन्या डॉक्टरांनी खालच्या पायरीवर उभं राहून मोजलं. ते म्हणाले, −०.२५ पासून सुरू करा आणि उभ्या दिशेला एक नंबर वर चढा. ॲक्सिस म्हणजे सिलिंडरची ताकद ज्या दिशेला शून्य असते ती दिशा. वाढ उभ्या दिशेला, म्हणून ॲक्सिस आडवा, १८०. नव्या डॉक्टरांनी वरच्या पायरीवरून मोजलं. +०.७५ पासून सुरू करा आणि आडव्या दिशेला एक नंबर खाली उतरा. उतार आडव्या दिशेला, म्हणून ॲक्सिस उभा, ९०. जिना तोच.

एकातून दुसऱ्यात जायचं तर दूरचा पहिला आकडा आणि सिलिंडर यांची चिन्हांसकट बेरीज करायची. −०.२५ आणि +१.०० मिळून +०.७५, हा नवा पहिला आकडा. मग सिलिंडरचं चिन्ह उलटायचं आणि ॲक्सिसमध्ये ९० मिळवायचे किंवा वजा करायचे, उत्तर १८० च्या आत राहील असं बघून. उजवा डोळा तीन वर्षांत तसूभरही बदललेला नाही. डावा करून बघा: +०.२५ आणि +०.७५ मिळून +१.००, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस १७५ वजा ९० म्हणजे ८५. नव्या कागदावर +१.२५ आहे, म्हणजे डाव्यात फक्त पाव नंबर वाढलाय.

रेवा

अगदी बरोबर. जुना कागद प्लस सिलिंडरमध्ये आहे आणि नवा मायनसमध्ये. फॉर्ममध्ये दोन्ही चालतात. फक्त एक कराल तर फसाल: पहिला आकडा एका कागदावरून आणि सिलिंडर-ॲक्सिस दुसऱ्यावरून घेऊ नका. एका डोळ्याचे तिन्ही आकडे एकाच कागदावरचे, चिन्हांसकट.

केवडा, तुमची काळजी अस्थानी नाही. साखर वर-खाली झाली की नंबर खरोखर फिरतो, आणि काही आठवड्यांत नंबर सरकला तर मीही आधी तेच तपासायला सांगते. इथे मात्र नंबर फिरलेला नाही, फक्त लिहिण्याची पद्धत फिरली आहे. खरा बदल झालाय तो ॲडमध्ये. जुन्या कागदावर सव्वातून उणे पाव वजा केले की दीड येतात, आता दोन आहेत. पन्नाशीच्या आसपास तीन वर्षांत अर्धा नंबर वाढणं हे नेहमीचंच. ही वाढ डोळ्यातलं भिंग कडक होत गेल्याने होते, त्यामुळे ती व्यायामाने परत येत नाही.

मंजिरी

ॲक्सिसबद्दल काका म्हणाले की दहा-वीस अंशांनी काही होत नाही, म्हणून माझी हकिकत लिहिते. माझा डावा डोळा −१.७५ सिलिंडर, ॲक्सिस ८. डॉक्टरांनी कागदावर हाताने ८ लिहून वर अंशाचं चिन्ह काढलं, आणि ते छोटं गोल चिन्ह काच मागवणाऱ्याने शून्य म्हणून वाचलं. काच ८० ॲक्सिसची आली. पहिलंच प्रोग्रेसिव्ह होतं, त्यामुळे मी तक्रार केली की ‘सवय होईल’ एवढंच ऐकायला मिळायचं. तीन आठवडे मी सवय करून घेत होते. रोज संध्याकाळी डोकं दुखायचं. शेवटी दुसरीकडे मशीनवर काच तपासून घेतली तेव्हा कळलं.

मला अजून समजलेलं नाही ते असं. सवय न होणं आणि काच चुकीची असणं, यातला फरक घरबसल्या ओळखता आला असता का?

त्रिज्या

मंजिरी, किती सोसलंत! आकड्यांत सांगते. ॲक्सिस चुकला की न सुधारलेला सिलिंडर उरतो. तो किती, तर सिलिंडरची दुप्पट गुणिले चुकीच्या कोनाचा साइन. ३० अंशांची चूक झाली की उरलेला दोष मूळ सिलिंडरएवढाच होतो, म्हणजे सिलिंडर घातला काय आणि न घातला काय, धूसरपणा तेवढाच. त्याच्या पुढे गेलं की काच उलट त्रास वाढवते. तुमची चूक ७२ अंशांची. उरलेला दोष येतो सव्वातीनच्या थोडा वर. चष्मा न घालता पावणेदोनच होता.

काका, दहा अंशांचं बोलायचं तर ते सिलिंडरवर अवलंबून आहे. दहा अंशांत साधारण एकतृतीयांश सिलिंडर उरतो. ज्याचा सिलिंडर अर्धा आहे त्याला कदाचित कळणारही नाही. ज्याचा अडीच आहे त्याला जवळजवळ पाऊण-एक नंबराचा धूसरपणा येतो, आणि तो नक्की कळतो.

रेवा

यासाठीच आम्हाला शिकवलेलं असतं की ॲक्सिसवर अंशाचं चिन्ह काढू नये आणि तीन आकडे लिहावेत. ८ नाही, ००८. हाताने लिहिलेल्या कागदावर ॲक्सिस एक-दोन आकड्यांचा असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि लिहिणाऱ्याकडून वाचून घ्या.

मंजिरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो, बऱ्याच अंशी ओळखता येतं. प्रोग्रेसिव्हची सवय होत नसते तेव्हा त्रास कडेला असतो. मान हलवली की बाजूचं दृश्य लाटेसारखं हलतं, पायरी उतरताना जमीन वर आल्यासारखी वाटते, पण नाक सरळ ठेवून समोर लांब बघितलं की चित्र स्वच्छ असतं. नंबर किंवा ॲक्सिस चुकलेला असतो तेव्हा त्रास मध्यभागी असतो. एक डोळा हाताने झाका, मान सरळ ठेवा, काचेच्या वरच्या भागातून लांबची पाटी वाचा. मग दुसरा. एका डोळ्याने समोरचंच धूसर दिसत असेल, आणि जुन्या चष्म्यातून तीच पाटी स्वच्छ दिसत असेल, तर ते सवयीचं प्रकरण नाही. त्याच दिवशी काच मशीनवर घालून कागदाशी ताडून घ्यावी. तीन आठवडे थांबायला नको होतं, आणि तुम्हाला थांबायला सांगायला तर मुळीच नको होतं.

मंजिरी

हेच व्हायचं. डाव्याने समोरचंच दिसत नव्हतं. मी दोन्ही डोळे उघडे ठेवूनच बघत राहिले. धन्यवाद ताई.

वाटाड्या

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण धाग्यातच बसेल. प्रोग्रेसिव्ह घेऊन दोन महिने झाले. लांबचं छान, पुस्तक छान. संगणकासमोर मात्र हनुवटी वर करून बसावं लागतं आणि मान भरून येते. ॲड कमी दिली असावी का? माझी २.२५ आहे.

रेवा

ॲड वाढवली तर मान आणखी दुखेल. दोनाच्या ॲडचं उदाहरण घेते, म्हणजे पाऊलवाटनाही उपयोग होईल. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर असेल तर तिला साधारण दीड नंबर मदत लागते. अर्धा डोळ्याचा, म्हणजे काचेतून हवा एक. ॲड दोन असेल तर हा एक नंबर काचेवर कुठे येतो? बाहुलीसमोर दूरचा भाग, तळाला पूर्ण दोन, आणि एक त्यांच्या मधोमध. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला असेल तर तुम्ही तिच्याकडे दूरच्या भागातून बघता. तिथे तो एक नंबर नसतो, म्हणून नकळत हनुवटी उचलून मधला भाग डोळ्यासमोर आणता. ॲड वाढवली की नंबर चढण्याचा वेग वाढतो आणि मधली पट्टी आणखी अरुंद होते.

स्क्रीन एवढी खाली आणा की तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली जाईल. दिवसातले सहा-आठ तास तिथेच जात असतील, तर मी सरळ सांगते, संगणकाचा वेगळा चष्मा करा. दूरच्या नंबरावर एक-सव्वा चढवलेला. प्रोग्रेसिव्हला जे जमत नाही ते त्याच्याकडून ओढूनताणून करून घेऊ नये.

त्रिज्या

‘मधली पट्टी अरुंद’ यामागे एक नियम आहे. मिंकविट्झने १९६३ साली मांडला. काचेच्या मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने चढतो, त्याच्या दुप्पट वेगाने त्या रेषेच्या बाजूला नको असलेला सिलिंडर वाढतो. समजा १४ मिलिमीटर उतरताना नंबर दोनाने चढला. तर मधल्या रेषेपासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला गेलं की अर्धा नंबर सिलिंडर आला. दोन्ही बाजू धरून साडेतीन मिलिमीटरची बऱ्यापैकी स्वच्छ पट्टी. ॲड एकच असती तर हीच पट्टी सात मिलिमीटर मिळाली असती. हा ढोबळ हिशोब आहे. कारखाने हा दोष इकडून तिकडे पसरवू शकतात, पण नाहीसा करू शकत नाहीत.

जुनं_खोड

मग पाऊलवाट यांनी दोनाऐवजी पावणेदोनच ॲड घ्यावी. पट्टी रुंद मिळेल, सवय लवकर होईल. पुस्तक जरासं लांब धरायचं. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, एकही दिवस त्रास झाला नाही.

रेवा

काका, इथे मी सहमत नाही. पावणेदोन घेतली तर पुस्तक ४४-४५ सेंटिमीटरवर जाईल. ज्याचे हात लांब आहेत आणि अक्षर मोठं आहे त्याला चालेल. बारीक अक्षर वाचणाऱ्याला वर्षभरात कमी पडेल, आणि काचा पुन्हा बदलाव्या लागतील.

जुनं_खोड

पण पहिल्यांदाच घेणारा माणूस आठ दिवसांत वैतागून चष्मा खणात टाकतो, त्याचं काय? माझ्या ओळखीत दोघांनी टाकलाय. पाव नंबराने माणूस टिकत असेल तर पाव नंबर सोडावा.

रेवा

हेही खरं आहे, आणि काही ऑप्टोमेट्रिस्ट असं करतातही. मी करत नाही. पाऊलवाट, हा निर्णय तुम्ही नेहमीच्या अंतरावर पुस्तक धरून, ते अंतर टेपने मोजून, नंबर काढणाऱ्यांशी बोलून घ्या. आमच्या वादावरून घेऊ नका.

आता शेवटची गोष्ट, जी तुमच्या कागदावर नाहीच. फॉर्मवर दोन बाहुल्यांमधलं अंतर विचारलं असेल. काय भरलंत?

पाऊलवाट

६४. आरशासमोर पट्टी धरून मोजलं. पुस्तकाचं अंतर आत्ताच मोजलं, ४१ सेंटिमीटर.

रेवा

६४ भरलं की ते ३२ आणि ३२ असं वाटून घेतील. बहुतेकांचं नाक बरोबर मध्ये नसतं. साध्या काचेत मिलिमीटरभराचा फरक तुमच्या नंबराला खपून जातो, प्रोग्रेसिव्हमध्ये नाही. साडेतीन मिलिमीटरची पट्टी आणि तुमची बाहुली तिच्या मध्यापासून एक-दोन मिलिमीटर बाजूला, मग उरलं काय? म्हणून प्रत्येक बाहुलीचं नाकाच्या मध्यापासून वेगळं अंतर हवं. त्याबरोबर उंची हवी, म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेच्या आतून बाहुलीच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर. ही उंची तीच फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवल्यावरच मोजता येते. फोटोतल्या फ्रेमवरून ती कळत नाही. ती १४ च्या खाली गेली तर वाचायच्या भागाला जागाच उरत नाही, १८ च्या आसपास असली तर निवांत काम होतं.

माझं मत स्पष्ट आहे. एकाच नंबराचा चष्मा ऑनलाइन घ्या, काही बिघडत नाही. पहिलं प्रोग्रेसिव्ह समोर बसून घ्या.

नवखा

मी ऑनलाइनच घेतलंय, मोबाइलने चेहरा मोजून. वर्षभर उत्तम चाललंय. त्यामुळे सरसकट नाही म्हणायला नको.

रेवा

तुमची फ्रेम अपेक्षेप्रमाणे बसली आणि माप जुळलं, याचा आनंद आहे. न जुळलेलेच माझ्याकडे येतात, म्हणून माझं मत एकांगी असू शकेल. पण फ्रेम नाकावर दोन मिलिमीटर खाली बसेल की वर, हे फ्रेम हातात येण्याआधी मोबाइल कसं सांगणार, हा प्रश्न उरतोच.

पाऊलवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. ऑनलाइन ऑर्डर केली नाही. फ्रेम नाकावर बसवून माप घेतलं. उजवी बाहुली ३१, डावी ३३, उंची १९ आणि १८. म्हणजे माझं ३२-३२ दोन्हीकडे एकेक मिलिमीटर चुकलं असतं. ॲड दोनच ठेवली. काका, पावणेदोनाचं तिथे विचारलं होतं. चाचणीच्या फ्रेममध्ये दोन्ही घालून बघितल्या. औषधाच्या बाटलीवरचं अक्षर मला दोनातच वाचता आलं.

चष्मा येऊन नऊ दिवस झाले. पायऱ्यांची भीती चौथ्या दिवशी गेली. स्क्रीन खाली आणली, ती ६२ सेंटिमीटरवर आहे. दोन प्रश्न आहेत. काचेच्या पाकिटावर उजव्याला सांगितलेला नंबर +०.७५ आणि त्याखाली मोजलेला म्हणून +०.८२ असं काहीतरी छापलंय, ॲडही १.९१ दिसतेय. चुकीची काच आली का? आणि वाचताना उजवा डोळा झाकला की डाव्याने ओळीची सुरुवात थोडी विरते, कागद जरा उजवीकडे सरकवला की स्वच्छ होते. उजव्याने तसं होत नाही.

रेवा

पाकिटावरचं बरोबर आहे. काच डोळ्यासमोर थोडी कललेली आणि वळलेली असते, तिथे +०.७५ चा परिणाम मिळावा म्हणून कारखाना आकडे थोडे बदलून घासतो. मशीनवर तो दुसरा आकडा दिसायला हवा. पाकीट जपून ठेवा. ते नसेल तर उद्या कुणीतरी मशीनवर बघून चुकीची काच म्हणेल.

डाव्या डोळ्याचं तुम्ही स्वतः तपासू शकता. काच काळ्या कापडासमोर तिरकी धरा आणि हलका श्वास सोडा. वाफ जमली की दोन बारीक कोरलेली वर्तुळं किंवा खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲड कोरलेली असते, बहुधा २० किंवा २.०. या खुणांवर बारीक मार्करने ठिपके द्या आणि दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरा ठिपका. चष्मा घाला आणि समोर बसलेल्या कुणालातरी, तुम्ही लांब सरळ बघत असताना, बघायला सांगा. मधला ठिपका बाहुलीच्या मध्याच्या सरळ खाली येतो का? डावा बाजूला दिसला तर काय करायचं ते पुढे बघू.

पाऊलवाट

केलं. मिसेसने बघितलं. दोन्हीकडे २० कोरलेलं आहे. उजवा ठिपका बाहुलीच्या बरोबर खाली. डावा नाकाकडे साधारण दीड मिलिमीटर सरकलेला आहे, आणि डावी काच उजवीपेक्षा चेहऱ्याला जास्त जवळ दिसते.

रेवा

काच एका बाजूने जास्त जवळ म्हणजे फ्रेम चेहऱ्यावर वळून बसली आहे. तशी वळली की पूर्ण फ्रेम एका बाजूला सरकते, आणि दीड मिलिमीटरातलं काही त्यातून आलं असू शकेल. काचा बदलायची मागणी आत्ता करू नका. आधी कानामागच्या काड्या आणि नाकावरचे पॅड सारखे करून घ्या, ठिपके पुसू नका आणि तिथेच बसून पुन्हा बघा. सारखं केल्यावरही डावा ठिपका नाकाकडेच राहिला, तर काच ३३ ऐवजी कमी अंतरावर बसवली गेली आहे आणि ती बदलून मिळायला हवी.

पाऊलवाट

उद्या सकाळीच जातो. ठिपके तसेच ठेवलेत.